‘अर्जंट’ खोडा, एटीएमचा नंबर लिहा

*मी साताऱ्याला राहतो. १४ जूनला शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या एका बँकेच्या एटीएमवर १०,००० रुपये काढायला गेलो. मशीन नुसतं घरघरलं, पैसे आलेच नाहीत. तीन मिनिटांनी पुन्हा कार्ड घातलं, तेव्हा १०,००० आले. खात्यातून मात्र दोनदा १०,००० गेले. सोमवारी, १६ तारखेला माझ्या बँकेला मेल केला. विषय लिहिला ‘अर्जंट, फ्रॉड’. दुसऱ्याच दिवशी बँकेने माझं कार्ड बंद केलं! मग उत्तर आलं, ‘व्यवहार यशस्वी आहे, तक्रार बंद करत आहोत.’ त्यानंतर आणखी दोन मेल केले, दोन नवे तक्रार क्रमांक मिळाले, पैसे नाहीत. आता जुलै उजाडला. मेलच्या विषयात आणि संदर्भात नेमकं लिहायचं तरी काय?*
*– एक वाचक, सातारा*

कार्ड बंद करणाऱ्या माणसावर रागावू नका. त्याने त्याचं काम चोख केलं. ‘फ्रॉड’ हा शब्द वाचला की त्या टेबलाला पहिली आज्ञा असते ती कार्ड बंद करण्याची, कारण चोराच्या हातात कार्ड असेल तर एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. तुमचा मेल त्या टेबलावर पोचला तो त्या शब्दामुळे. मशीन अडकलं आणि नोटा बाहेर आल्या नाहीत, याचा त्या टेबलाशी काही संबंध नाही.

मी बँकेतून निवृत्त झाले त्याआधीची काही वर्षं एटीएमच्या ताळमेळ विभागात होते. सकाळी संगणक उघडला की तक्रारींच्या सामाईक पेटीत मेलची रांग लागलेली असायची. ‘अर्जंट’, ‘व्हेरी अर्जंट’, ‘तक्रार’, ‘पैसे’, ‘री: री: फॉरवर्ड:’. एका गृहस्थांनी तर ‘आपल्या बँकेच्या भोंगळ कारभाराबाबत’ असा विषय लिहिला होता. वाचून हसू आलं, पण तो मेल कुणाकडे द्यायचा ते कळेना. रांगेतला मेल पहिल्यांदा हातात घेणारा माणूस तुमची तक्रार सोडवत नाही. तो फक्त वर्गवारी करतो. विषय वाचतो, फार तर मेलच्या पहिल्या दोन ओळी वाचतो, आणि यादीतून एक प्रकार निवडून पुढे ढकलतो. एटीएम, कार्ड, यूपीआय, एनईएफटी, कर्ज, फसवणूक, शाखेतली सेवा, असे ते प्रकार. एकदा प्रकार पडला की मेल त्या टेबलाचा होतो. चुकीच्या टेबलावर गेलेला मेल कधी परत फिरतो, आणि बऱ्याचदा तिथल्याच ठरीव उत्तरासह बंद होतो. म्हणून विषयाची ओळ त्या वर्गवारी करणाऱ्यासाठी लिहायची. साहेबांना तुमचा संताप कळावा यासाठी ती जागा नाही.

आता तुमच्या प्रकरणाचं टेबल कोणतं ते बघू. मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तरी तक्रार घ्यायची ती तुमच्या बँकेने, म्हणजे ज्या बँकेचं कार्ड आहे तिने. मशीनवाल्या बँकेच्या शाखेत गेलात तर ते तुम्हाला परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या बँकेत या प्रकाराला ‘ऑफ-अस’ म्हणतात, म्हणजे कार्ड आपलं, मशीन परक्याचं. आपल्याच मशीनची तक्रार असेल तर बँक स्वतःच्या नोंदी काढून निकाल लावते. परक्या मशीनसाठी मात्र नॅशनल फायनान्शियल स्विच या दोन्ही बँकांना जोडणाऱ्या यंत्रणेतून त्या बँकेवर दावा टाकावा लागतो. मग ती बँक एक तर दावा मान्य करते, नाहीतर पुरावा पाठवते. ही दोन कामं दोन वेगळी माणसं करतात. त्यामुळे ‘दुसऱ्या बँकेचं एटीएम’ हे शब्द विषयातच हवेत. ते नसले तर पहिले काही दिवस आपलंच मशीन शोधण्यात जातात.

‘व्यवहार यशस्वी’ हे उत्तर कुठून आलं? इथे माझा अंदाज बऱ्यापैकी पक्का आहे. तुमच्या मेलमध्ये तारीख होती, रक्कम होती, पण वेळ आणि व्यवहार क्रमांक नव्हता, बरोबर ना? त्या संध्याकाळी त्याच कार्डावर, त्याच मशीनवर, त्याच रकमेचे दोन व्यवहार आहेत. टेबलावरच्या माणसाने एक उघडला, आणि त्याला सापडला तो दुसरा, ज्यात नोटा तुमच्या हातात पडल्या होत्या. तो खरोखरच यशस्वी होता. त्याचं उत्तर खरं होतं, फक्त तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं.

दुसरी शक्यता अशी की त्याने पहिलाच व्यवहार पाहिला, पण वरवर. व्यवहाराच्या नोंदीत `00` असा प्रतिसाद क्रमांक दिसला की तो मंजूर झाला असा अर्थ होतो. पण मंजुरी ही तुमच्या बँकेने ‘खात्यात पैसे आहेत, द्या’ असं म्हणण्यापुरती असते. नोटा खरंच बाहेर पडल्या का, हे कळतं मशीनच्या स्वतःच्या रोजनिशीतून. तिला इलेक्ट्रॉनिक जर्नल म्हणतात, बँकेत सगळे नुसतं ‘ईजे’ म्हणतात. नोटा मोजल्या, पुढे सरकवल्या, अडकल्या, हे त्यात क्रमाने उमटतं. शिवाय मशीनमध्ये पुन्हा रोकड भरताना आतली रोकड मोजतात. तुमचे दहा हजार आतच राहिले असतील तर ती नोंदीपेक्षा जादा निघते. म्हणून नुसती ‘चौकशी करा’ अशी मागणी न करता ईजे आणि रोकड ताळा तपासण्याची मागणी करा. ही दोन नावं वाचली की टेबलावरच्या माणसाला कळतं, समोरच्याला ‘सिस्टिममध्ये यशस्वी दिसतंय’ एवढ्यावर बोळवता येणार नाही.

आता विषयाची ओळ. मी तुमच्या जागी असते तर अशी लिहिली असती. यातले क्रमांक मी नमुन्यासाठी मनाने घातले आहेत, तुम्ही तुमचे घाला. RRN म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, तो कुठे सापडतो ते पुढे सांगते.

```
Cash not dispensed, other bank ATM, Rs 10000,
14-06-2025 19:42, RRN 516519004127, A/c xx4521
```

इथे दोन ओळींत दिसतंय, मेलमध्ये ते सलग एकाच ओळीत लिहायचं. इंग्रजीत का, असं तुम्ही विचाराल. मेल साताऱ्यातल्या शाखेत उघडत नाही. मोठ्या बँकेत तो मध्यवर्ती कक्षात उघडतो, तो मुंबईत असेल, चेन्नईत असेल, आणि समोरच्याला मराठी येईलच असं नाही. विषय त्यांच्या यादीतल्या शब्दांत लिहा, आत मजकूर मराठीत लिहायला काही हरकत नाही. तुमची बँक आपल्याकडची सहकारी किंवा नागरी बँक असेल, तर विषयही सरळ मराठीत लिहा: ‘दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून रोकड न मिळता खात्यातून रक्कम वजा’.

क्रमाकडे बघा. आधी काय झालं, मग कुठे झालं, मग किती, कधी, आणि शेवटी ओळख. मेलची यादी बघताना पडद्यावर विषयाची पहिली तीसचाळीस अक्षरंच दिसतात, मोबाइलवर त्याहून कमी. तेवढ्यात ‘Cash not dispensed, other bank ATM’ मावतं, आणि वर्गवारीला तेवढं पुरतं. पुढचे आकडे ज्याच्या टेबलावर मेल जाईल त्याच्यासाठी आहेत. तुमचं नाव विषयात नको. ते तसंही मेलवर असतं.

शब्दांची निवड ही खरी गोम. ‘Money not received’ लिहिलंत तर मेल पैसे पाठवण्याच्या टेबलाकडे जातो. कुणीतरी तुम्हाला एनईएफटी केली आणि ती जमा झाली नाही, असा त्याचा अर्थ लागतो. तुमच्या बाबतीत आणखी एक मोह आहे, ‘Double debit’ लिहिण्याचा. खात्यातून दोनदा रक्कम गेली, मग तेच लिहावं असं कुणालाही वाटेल. पण त्या शब्दांनी शोध सुरू होतो तो एकच व्यवहार चुकून दोनदा नोंदला गेला का याचा. टेबलावरचा माणूस बघतो, दोन वेगळे क्रमांक आहेत, दोन वेगळ्या वेळा आहेत, म्हणजे व्यवहार दोन. तक्रार बंद. तुमची तक्रार ‘दोनदा वजा झाले’ अशी नाहीच. पहिल्या व्यवहारात नोटा आल्या नाहीत, एवढीच ती आहे.

आणि ‘फ्रॉड’ हा शब्द राखून ठेवा. तुम्ही न केलेला व्यवहार खात्यात दिसला, तर तोच शब्द पहिला लिहायचा, आणि मेलची वाट न बघता आधी बँकेच्या हेल्पलाइनवर आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा. तिथे वेळ पैशात मोजली जाते. बँकेची किंवा तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी केलेला व्यवहार बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर जबाबदारी शून्य, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला. तुमच्या प्रकरणात कार्ड तुमचं, पिन तुमचा, बटण तुम्हीच दाबलंत. इथे फसवणूक कुणी केलेली नाही.

आता आकडे कुठून आणायचे. एटीएमची पावती असेल तर तीवर सगळं असतं, फक्त नावं प्रत्येक बँकेची वेगळी. मशीनचा नंबर `ATM ID`, `TERMINAL ID` किंवा नुसता `TID` असा छापलेला असतो. व्यवहाराचा क्रमांक `RRN` असतो, कुठे तो `REF NO` म्हणून येतो. शेजारी `SEQ NO` किंवा `TXN NO` असा छोटा आकडाही असतो, तो मशीनचा आपला चालू क्रमांक. लोक हमखास तो छोटा आकडा लिहून मोकळे होतात, आणि त्यावरून दोन बँकांच्या मधल्या यंत्रणेत काही सापडत नाही.

आरआरएन ओळखायची एक सोपी युक्ती आहे. तो बारा आकडी असतो, आणि सहसा त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो, पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. १४ जून हा २०२५ मधला १६५ वा दिवस. जानेवारी ते मे हे १५१ दिवस, त्यात १४ मिळवा. म्हणजे त्या दिवशीचा आरआरएन `5165` ने सुरू व्हायला हवा. पावतीवर तसा बारा आकडी क्रमांक दिसला तर तोच तो. आणि तुम्ही लिहिलेला क्रमांक `5167` ने सुरू होत असेल, तर तो दोन दिवसांनंतरच्या कुठल्यातरी वेगळ्याच व्यवहाराचा आहे. यूपीआयच्या बारा आकडी क्रमांकालाही हीच युक्ती बहुधा लागू पडते. आम्ही विभागात हे आकडे बघून तारीख ओठावर आणायचो. नव्या मुलांना ती जादू वाटायची.

पावती आलीच नसेल, किंवा नोटांबरोबर तीही अडकली असेल, तर पासबुकात किंवा मोबाइल बँकिंगच्या उताऱ्यात त्या व्यवहाराच्या वर्णनात हा क्रमांक बऱ्याचदा असतो. उताऱ्यात दोन ओळी दिसतील, दोन्ही १०,००० च्या. वेळ दिसत नसेल तर एसएमएस बघा, दोन एसएमएस आले असतील, तीन मिनिटांच्या अंतराने. पहिला तक्रारीच्या व्यवहाराचा. मशीनचा नंबर हवा असेल तर एटीएमच्या खोलीत जाऊन बघा, तो लावलेला असतो, खास तक्रारीत लिहिता यावा म्हणूनच. आणि पावती हाताशी असेल तर आजच तिचा फोटो काढा. ती उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असते, पाकिटात महिनाभर राहिली की कोरी होते. फोटो मेलला जोडताना फाइलला `ATM_slip_14062025_1942.jpg` असं नाव द्या. `IMG_4471` पेक्षा ते बरं, कारण जोडपत्रं पुष्कळदा मेलपासून वेगळी साठवली जातात.

विषयात काय लिहू नये हेही सांगते. खाते क्रमांक पूर्ण नको, शेवटचे चार आकडे पुरेत. कार्डचा पूर्ण क्रमांक कुठेही नको, ना विषयात, ना मजकुरात. पिन, ओटीपी आणि कार्डामागचे तीन आकडे बँकेलासुद्धा द्यायचे नसतात. आणि मेल पाठवायचा तो खात्याला नोंदवलेल्या पत्त्यावरूनच. मुलाच्या मेलवरून पाठवलात तर पहिलं उत्तर ‘नोंदणीकृत ई-मेलवरून संपर्क साधा’ असं येतं आणि चार दिवस वाया जातात.

आता संदर्भ. शाळेत आपण अर्ज लिहायला शिकलो तेव्हा ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ अशा दोन ओळी काढायचो आणि संदर्भात काहीतरी भरून टाकायचो. बँकेच्या पत्रव्यवहारात संदर्भाची ओळ ही तक्रारीची जन्मतारीख असते. तुमच्याकडे आज तीन तक्रार क्रमांक आहेत. त्यातला पहिला, १६ जूनचा, सांभाळा. दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. नंतरचे दोन क्रमांक तुम्ही नवे मेल लिहिलेत म्हणून जन्माला आले. नव्या विषयाचा नवा मेल गेला की यंत्रणा नवा क्रमांक देते, मग कुणीतरी त्यातला एक ‘पुनरावृत्ती’ म्हणून बंद करतं, आणि कधीकधी बंद होतो तो नेमका चालू असलेला.

म्हणून आता चौथा नवा मेल नको. बँकेकडून १६ जूनच्या तक्रारीवर जे उत्तर आलं, त्यालाच ‘रिप्लाय’ करा. त्याच्या विषयात बँकेने कंसात तक्रार क्रमांक घातला असेल तर त्याला हात लावू नका, त्यावरूनच मेल जुन्या फाइलला जाऊन चिकटतो. तो क्रमांक तसाच ठेवून पुढचे शब्द बदला:

```
[16 जूनचा तक्रार क्रमांक] Reopen: Cash not dispensed,
other bank ATM, Rs 10000, RRN 516519004127
```

उत्तर `noreply` अशा पत्त्यावरून आलं असेल तर अर्थातच हे चालणार नाही. तेव्हा बँकेच्या तक्रारींच्या पत्त्यावर नवा मेल करा, पण विषयाच्या सुरुवातीला जुना क्रमांक असाच घाला.

आत मजकूर असा:

> संदर्भ: १) माझी पहिली तक्रार, क्र. ……, दि. १६ जून २०२५. २) आपलं उत्तर, दि. …… (‘व्यवहार यशस्वी’). ३) त्यानंतरच्या तक्रारी क्र. …… आणि ……, कृपया त्या वरील १) मध्ये समाविष्ट कराव्यात.
>
> महोदय,
> आपण यशस्वी म्हटलेला व्यवहार कोणता, ते उत्तरात नमूद नाही. त्या संध्याकाळी एकाच मशीनवर माझे दोन व्यवहार आहेत.
>
> तक्रार असलेला: १४-०६-२०२५, सायं. ७.४२, रु. १०,०००, आरआरएन 516519004127. नोटा मिळाल्या नाहीत.
> तक्रार नसलेला: १४-०६-२०२५, सायं. ७.४५, रु. १०,०००, आरआरएन 516519004163. नोटा मिळाल्या.
> दोन्हींचं मशीन: एटीएम आयडी ……, …… बँक, सातारा. खाते क्र. शेवटचे चार आकडे ४५२१.
>
> पहिल्या व्यवहारासाठी संबंधित बँकेवर दावा दाखल करून ईजे आणि रोकड ताळा तपासावा, रु. १०,००० परत जमा करावेत, आणि २० जूनपासूनची विलंब भरपाई द्यावी. तक्रार नामंजूर करायची असल्यास या आरआरएनचा ईजे उतारा द्यावा.

यातली ‘तक्रार नसलेला’ ही ओळ सगळ्यात मोलाची. ज्या व्यवहाराबद्दल काही म्हणणं नाही, तो कशाला लिहायचा, असं वाटतं. पण तुमची तक्रार याच ओळीच्या अभावी बंद झाली. दोन्ही क्रमांक समोर ठेवल्यावर टेबलावरच्या माणसाला चुकीचा व्यवहार उघडायला जागाच उरत नाही. मशीनमधून पैसे अर्धवट आले असते, म्हणजे दहा मागितले आणि आठच आले, तर हीच गोष्ट वेगळ्या रीतीने लिहावी लागली असती: मागितले १०,०००, मिळाले ८,०००, वाद २,००० चा. तिन्ही आकडे लिहायचे, नाहीतर दावा पूर्ण रकमेचा पडतो आणि तो नामंजूर होतो.

भरपाईची तारीख मी कुठून काढली ते सांगते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा अपयशी व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. एटीएममध्ये रोकड न मिळता रक्कम वजा झाली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती बँकेने आपणहून परत करायची. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये, तेही ग्राहकाने न मागता. तुमचा व्यवहार १४ जूनचा, मुदत १९ जूनला संपली, विलंब २० जूनपासून सुरू झाला. तुम्ही ४ जुलैला मेल पाठवलात तर त्या दिवशीपर्यंत १५ दिवस, म्हणजे १,५०० रुपये. हा आकडा विषयात घालू नका. तिथे तो वाचून कुणी ‘भरपाई’ किंवा ‘व्याज’ या प्रकारात ढकललं तर मूळ दहा हजार बाजूला पडतात. पैसे परत आले आणि भरपाई आली नाही, तरच ती मागणारा मेल करा, अर्थात याच धाग्यात.

मेल एकाच पत्त्यावर पाठवा. अध्यक्ष, महाव्यवस्थापक, अर्थमंत्री आणि रिझर्व्ह बँक या सगळ्यांना प्रत लावायची सवय आपल्याकडे फार आहे. प्रत्येक कार्यालय तो मेल आपापल्या वाटेने पुन्हा बँकेकडे पाठवतं आणि तिथे आणखी चार क्रमांक तयार होतात. पायरीनेच जा. बँकेच्या संकेतस्थळावर नोडल अधिकाऱ्याचा, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा, पत्ता असतो. आठवडाभरात हललं नाही तर हाच मेल, याच विषयानिशी, त्यांना पुढे पाठवा.

बँकेला तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार `cms.rbi.org.in` वर नोंदवायची. तुम्हाला नामंजुरीचं उत्तर आलेलंच आहे, त्यामुळे तसं आजही जाता येईल. तरी माझं मत, आधी वरचा मेल पाठवा आणि १६ जुलैपर्यंत थांबा. आज तुमच्याकडे आहे ती ‘फ्रॉड’ अशा विषयाची, आरआरएन नसलेली तक्रार. लोकपालाकडे पहिला प्रश्न तोच येईल, बँकेला तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं? वरचा मेल गेला की त्याचं उत्तर तुमच्या हातात असेल, आणि तक्रारीची तारीख १६ जूनच राहील.

मेल नको वाटत असेल तर शाखेत लेखी अर्ज द्या. तोच विषय मराठीत, तेच संदर्भ. दोन प्रती न्या, आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणून घेतलेला अर्ज पुढच्या आठवड्यात कुणाच्या ड्रॉवरमध्ये असेल ते सांगता येत नाही. अर्जावर घेतलेला तो आवक क्रमांक मग पुढच्या प्रत्येक कागदावर संदर्भ म्हणून जातो.

यूपीआयची किंवा एनईएफटीची तक्रार असेल तर फक्त शब्द आणि क्रमांक बदलतात. यूपीआयला ‘UPI debited, not credited’ आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक. एनईएफटीला १६ अक्षरांचा यूटीआर, आरटीजीएसला २२ अक्षरांचा, तोही पाहून पाहून टंकलेला, कारण त्यात आकडे आणि अक्षरं मिसळलेली असतात आणि शून्याच्या जागी ‘ओ’ गेला की सापडत नाही. जमेल तिथे नकलून चिकटवा.

राहिलं तुमचं बंद कार्ड. नवं कार्ड मागायचं असेल तर ते वरच्या मेलमध्ये शेवटी एका ओळीत उरकू नका. तसं केलंत तर मेल कार्डाच्या टेबलाकडे जाईल, ते कार्ड टपालात टाकतील, आणि ‘विनंती पूर्ण’ म्हणून दहा हजारांची तक्रारही सोबत बंद होईल. माझ्या पाहण्यात असं झालेलं आहे, एकदा नव्हे. कार्डासाठी वेगळा मेल, विषय ‘New debit card, old card blocked 17-06-2025, A/c xx4521’, आणि तो कोरा, नवा मेल म्हणून पाठवा, जुन्या धाग्यावर रिप्लाय करून नव्हे.